तेराव्या आठवड्याची सोनोग्राफी काय सांगते आणि काय सांगत नाही

डॉक्टरताई, मी बाळंतपणासाठी चोपडा तालुक्यात माहेरी आले आहे. पहिलीच वेळ आहे. नवव्या आठवड्यात पुण्याला असताना मला बारीक ताप आला, अंगावर खाजरे पुरळ उठले आणि डोळे लाल झाले. रक्त आणि लघवी तपासल्यावर झिका पॉझिटिव्ह आला. चार दिवसांत मी बरी झाले. मिस्टरांना काहीच त्रास झाला नाही. आता चौदावा आठवडा चालू आहे आणि तेराव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आहे. नणंद म्हणते, बाळाचे डोके लहान होते, खाली करून टाक. सासूबाई म्हणतात, ते ग्रहणामुळे होते. मुळात डास मला चावला, तर बाळाचे डोके कसे लहान होईल? आणि सोनोग्राफी चांगली असताना मी काळजी करायची की नाही?
— एक वाचक, चोपडा तालुका

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. तुमची तेराव्या आठवड्याची सोनोग्राफी खरी आहे, तिच्यात कोणी काही लपवलेले नाही. परंतु ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते ती गोष्ट त्या वयाच्या गर्भात दिसण्यासारखी झालेलीच नसते. तेराव्या आठवड्यात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ८ ते ९ सेंटीमीटर असतो. विसाव्या आठवड्यापर्यंत तो सतरा-साडेसतरा सेंटीमीटर होतो आणि पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा चौतीस सेंटीमीटरच्या आसपास असतो. म्हणजे डोक्याची जवळजवळ सगळी वाढ अजून व्हायची आहे. ज्या विहिरीचे खोदकाम नुकतेच सुरू झाले आहे, तिला पाणी किती लागेल हे आज काठावर उभे राहून सांगता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून त्या अहवालाचा अर्थ ‘बाळ सुटले’ असा घेऊ नका आणि ‘आता काही तरी निघणारच’ असाही घेऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की गर्भ जिवंत आहे, वयाप्रमाणे वाढतो आहे आणि त्या वयात दिसणारे मोठे दोष त्याच्यात नाहीत.

डास तुम्हाला चावला, मग बाळाच्या डोक्याशी त्याचा संबंध काय, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. एडिस डासाच्या मादीने चावताना लाळेतून झिकाचा विषाणू तुमच्या शरीरात सोडला आणि तो काही दिवस रक्तात फिरला. ताप येणाऱ्या बहुतेक आजारांचे जंतू आईच्या रक्तातच राहतात, बाळापर्यंत पोहोचत नाहीत, कारण मध्ये वार असते आणि ती चाळणीसारखे काम करते. झिकाचा विषाणू मात्र या वारेच्या पेशींत शिरू शकतो. वारेत बाळाच्या बाजूला काही भक्षक पेशी असतात, ज्यांचे काम खरे तर परके जंतू गिळून टाकण्याचे आहे. त्याच पेशींत हा विषाणू टिकतो आणि वाढतो, आणि तिथून बाळाच्या रक्तात उतरतो. प्रत्येक गरोदर बाईच्या बाबतीत तो वार ओलांडतोच असे नाही. किंबहुना बहुतेकींच्या बाबतीत बाळाला इजा होत नाही, हे पुढे आकड्यांत सांगते.

ज्या बाळापर्यंत तो पोहोचतो, त्याच्या शरीरात सर्वांत जास्त इजा मेंदूलाच का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. तिसऱ्या महिन्यापासून पुढे काही आठवडे बाळाच्या मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या काठावर एक प्रकारच्या मूळपेशी दाटीने उभ्या असतात. त्या सारख्या दुभागत राहतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्या सगळ्या चेतापेशी तयार होतात. या मूळपेशींचे आणखी एक काम असते. त्यांचे लांब धागे आतल्या काठापासून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेले असतात, आणि नव्याने जन्मलेल्या चेतापेशी, मांडवाच्या दोरीला धरून वेल वर चढावा तशा, या धाग्यांना धरून बाहेरच्या थरात जाऊन बसतात. झिकाच्या विषाणूला या मूळपेशींची विशेष ओढ असते. तो त्यांच्यात शिरला की त्यांचे दुभागणे बिघडते, त्यांची एकमेकींशी असलेली घट्ट जोडणी सुटते आणि त्यांपैकी पुष्कळशा मरून जातात. एक मूळपेशी मेली म्हणजे एक पेशी कमी झाली असे नाही. तिच्यापासून पुढे ज्या शेकडो पेशी व्हायच्या होत्या, त्या सगळ्या झाल्याच नाहीत. रोपवाटिकेतच रोपे गेली तर वावरात पुढे कितीही खतपाणी केले तरी ओळी रिकाम्याच राहतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत अशा दुभागणाऱ्या पेशी फारशा उरलेल्या नसतात, म्हणून तोच विषाणू तुमच्या शरीरात चार दिवसांचा बारीक ताप आणि पुरळ देऊन गेला.

आता डोके लहान का होते ते पाहा. कवटी स्वतःहून मोठी होत नाही. तिची हाडे बाळपणी सुटी असतात, त्यांच्यामध्ये शिवणी आणि टाळू असते, आणि आतला मेंदू वाढताना बाहेर जो दाब देतो त्या दाबाने ती हाडे दूर सरकतात व वाढतात. मेंदूच वाढला नाही तर कवटीला मोठे होण्याचे कारण राहत नाही. झिकामुळे ज्या बाळांना जास्त इजा होते, त्यांच्यात तयार झालेला मेंदूही पुढे आकसतो, आणि मग पोटात असतानाच कवटीची हाडे आत ढासळतात. अशा बाळाच्या डोक्यावरची कातडी सैल, सुरकुतलेली राहते, कारण कातडी आधीच्या आकाराप्रमाणे वाढलेली असते. म्हणजे लहान डोके हा मूळ आजार नसून आतल्या मेंदूच्या नुकसानीची बाहेर दिसणारी खूण आहे. ही गोष्ट मनात पक्की असू द्या, कारण खूण दिसायला वेळ लागतो आणि कधी कधी नुकसान असूनही ती खूण जन्माच्या वेळी दिसत नाही.

ही खूण किती उशिरा दिसू शकते, हे दाखवणारी एक नोंद वैद्यकशास्त्रात आहे. ती ऐकायला जड आहे. तुमच्या बाळाचे तसे होईल म्हणून मी ती सांगत नाही, तर पुढच्या सोनोग्राफीच्या तारखा तुम्ही कंटाळून सोडू नयेत म्हणून सांगते. ब्राझीलमधील नाताल शहरात राहणारी युरोपातील एक तरुणी २०१५ साली गरोदर असताना तेराव्या आठवड्यात आजारी पडली. तिलाही ताप होता, खाजरे पुरळ होते आणि अंग दुखत होते. चौदाव्या आणि विसाव्या आठवड्याच्या दोन्ही सोनोग्राफी चांगल्या निघाल्या. नंतर ती युरोपात परतली आणि एकोणतिसाव्या आठवड्यात तिथल्या सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडल्याचे पहिल्यांदा लक्षात आले. बत्तिसाव्या आठवड्यात डोके फार लहान असल्याचे, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावल्याचे आणि मेंदूत ठिकठिकाणी चुन्याचे ठिपके असल्याचे स्पष्ट झाले. तिने गर्भपाताचा निर्णय घेतला. शवविच्छेदनात बाळाच्या मेंदूचे वजन फक्त ८४ ग्रॅम भरले आणि त्याच्या पृष्ठभागावर ज्या वळ्या असायला हव्यात त्या जवळजवळ नव्हत्या. झिकाचा विषाणू त्या मेंदूत मोठ्या संख्येने सापडला, इतर अवयवांत मात्र सापडला नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत ही नोंद प्रसिद्ध झाली आणि विषाणू व लहान डोके यांचा संबंध केवळ योगायोग नाही, हे मानायला तिची फार मदत झाली. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली असूनही एकोणतिसाव्या आठवड्यात दोष दिसला, एवढी एक गोष्ट या नोंदीतून घ्या.

आता दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते. झिका झालेल्या प्रत्येक आईच्या बाळाचे डोके लहान होते, हा समज चुकीचा आहे. २०१६ मध्ये कॅरिबियन भागातील फ्रान्सच्या ताब्यातल्या प्रदेशांत तपासणीने झिका निश्चित झालेल्या पाचशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा शेवटपर्यंत मागोवा घेतला गेला. त्यांच्यात १०० पैकी सुमारे ७ गर्भांमध्ये किंवा बाळांमध्ये मेंदूचा किंवा डोळ्यांचा झिकाशी जोडता येईल असा दोष आढळला. संसर्ग पहिल्या तीन महिन्यांत झाला असेल तर हे प्रमाण १०० मागे सुमारे १३ होते, आणि त्यानंतर झाला असेल तर ४ ते ५. डोके लहान असलेली बाळे सर्व मिळून १०० मागे सुमारे ६ होती आणि फारच लहान असलेली एक-दोन. इतर देशांतली प्रमाणे थोडी वेगवेगळी आहेत, परंतु जागतिक आरोग्य संघटना ५ ते १५ टक्के हाच पट्टा सांगते. तुम्हाला संसर्ग नवव्या आठवड्यात झाला, म्हणजे जास्त जोखमीच्या काळात झाला, हे खरे आहे. तरीही तुमच्यासारख्या शंभर जणींमध्ये पंचाऐंशीहून अधिक जणींच्या बाळांमध्ये असा दोष आढळत नाही. तुम्हाला ताप सौम्य होता म्हणून धोका कमी, असे मात्र धरू नका. झिका झालेल्या पाचांपैकी चार जणांना काहीच त्रास होत नाही, आणि ज्या गरोदर बायकांना त्रास झाला नाही त्यांच्या बाळांमध्येही दोष आढळलेले आहेत.

म्हणूनच नणंदेचा सल्ला आज मानू नका, असे मी स्पष्ट सांगते. केवळ झिकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला या एका कारणाने चौदाव्या आठवड्यात गर्भपात करणे म्हणजे बहुधा निरोगी असलेले बाळ गमावणे आहे. त्या बोलण्यात तुमची काळजीच असेल, पण निर्णय तुमचा आहे आणि तो माहितीवर घ्यायचा आहे. कायद्याची बाजू इथेच सांगून ठेवते, कारण पुष्कळ घरांमध्ये ‘वीस आठवडे उलटले की काही करता येत नाही’ या भीतीने घाईचे निर्णय होतात. २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्या देशात बाळात गंभीर दोष असल्याचे निदान झाले तर चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपाताची परवानगी राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडून मिळू शकते. झिकाचा दोष उशिरा दिसतो, म्हणून ही तरतूद तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. ती वापरण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये, परंतु ती आहे हे माहीत असले म्हणजे आज घाई करावी लागत नाही.

आता पुढच्या तारखा. पहिली महत्त्वाची सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांमध्ये, आणि ती साधी नव्हे, तर बाळाचे अवयव एकेक करून पाहणारी, जिला दवाखान्यात अॅनॉमली स्कॅन म्हणतात ती. दुसरी अठ्ठावीस ते तीस आठवड्यांमध्ये. या दोन कधीही चुकवू नका. त्यांच्या अधेमधे दर चार आठवड्यांनी एक सोनोग्राफी व्हावी, असे मी तुमच्या बाबतीत सुचवीन. शक्य झाले तर जळगाव किंवा धुळे येथे गर्भाच्या सोनोग्राफीचा विशेष अनुभव असलेल्या एकाच डॉक्टरांकडे सगळ्या तपासण्या करा, कारण दोन वेगवेगळ्या हातांनी घेतलेल्या मापांत थोडा फरक पडतोच आणि तुम्हाला तो फरक वाढीचा आहे की हाताचा, हे ओळखता येणार नाही. जाताना आपला झिकाचा अहवाल बरोबर न्या आणि तपासणी सुरू होण्याआधी तो दाखवा. नुसते ‘रूटीन आहे’ म्हणून सांगितले तर डॉक्टर मेंदूकडे त्या नजरेने पाहणार नाहीत.

अहवालात एचसी अशी दोन अक्षरे असतात आणि त्यांच्यापुढे मिलिमीटरमध्ये आकडा असतो. तो डोक्याचा घेर. त्या एकट्या आकड्यावरून घाबरू नका. काही बाळे मुळातच लहान चणीची असतात. आईवडील बुटके असतील तर बाळाचे पोट, मांडीचे हाड आणि डोके तिन्ही सरासरीपेक्षा कमी येतात आणि त्यात काही बिघाड नसतो. खरी शंका तेव्हा घ्यायची, जेव्हा पोट आणि मांडीचे हाड वयाप्रमाणे वाढत आहेत आणि डोक्याचाच घेर मागे पडतो आहे, किंवा मागच्या दोन सोनोग्राफीत जी वाढ व्हायला हवी होती ती झालेली नाही. त्याबरोबर मेंदूतल्या पोकळ्या रुंद आहेत का, मेंदूत पांढरे ठिपके आहेत का, आणि बाळाचे पाय किंवा सांधे वाकडे अडकून राहिले आहेत का, हे पाहायला सांगा. झिकाच्या बाळांमध्ये हे ठिपके मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराच्या आणि आतल्या पांढऱ्या भागाच्या सीमेवर जास्त आढळतात. अनुभवी डॉक्टरांना ती जागाच पुष्कळ काही सांगून जाते. यातली कोणतीही गोष्ट दिसली तरी एकदम ‘हा झिकाच’ असे म्हणता येत नाही, कारण रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा हे संसर्गही मेंदूला अशीच इजा करतात आणि काही वेळा कारण आनुवंशिक असते. त्या तपासण्या तेव्हा कराव्या लागतील, आज नाही.

तुम्हाला कोणी पोटातले पाणी काढून झिका तपासण्याचे सुचवले, तर त्याची मर्यादा आधी समजून घ्या. त्या पाण्यात विषाणू सापडला तर बाळापर्यंत संसर्ग पोहोचला एवढे कळते. बाळाच्या मेंदूला इजा झाली की नाही हे कळत नाही. सापडला नाही तरी तो पूर्वी येऊन गेला नसेल याची खात्री मिळत नाही, कारण तो पाण्यात काही काळच आढळतो. शिवाय सुई घालण्यात गर्भपाताचा थोडा का होईना धोका असतो. सोनोग्राफीत काही वेगळे दिसल्याशिवाय मी तरी माझ्या रुग्णाला ही तपासणी सांगत नाही. तुमच्या झिकाच्या निदानाबद्दल मात्र शंका नको. आजाराच्या दिवसांतच रक्त आणि लघवी यांमध्ये विषाणू सापडला, हे निदान भक्कम आहे. पुढे कोणी प्रतिपिंडांची तपासणी सुचवली तर तिच्यात डेंग्यू आणि झिका यांची गल्लत होऊ शकते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. खानदेशात डेंग्यू होऊन गेलेली माणसे पुष्कळ आहेत, म्हणून आमच्याकडे ती गल्लत जास्तच होते.

सासूबाईंना सांगा की ग्रहणात बाईने काही चिरले, शिवले किंवा ती अंगणात गेली म्हणून बाळाच्या मेंदूतली एकही पेशी कमी होत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका; ग्रहणाच्या दिवशी घरात बसायला सांगितले तर बसा, पण त्या दिवशी उपाशी राहू नका आणि पाणी पिणे थांबवू नका. दुसरा एक समज मला जास्त चिंतेचा वाटतो, म्हणून तुम्ही विचारलेला नसूनही त्याबद्दल लिहिते. ब्राझीलमध्ये साथीच्या काळात अशी आवई उठली होती की डोके लहान होण्याचे कारण विषाणू नव्हे, तर पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांत टाकलेले अळीनाशक औषध आहे. परंतु ज्या रेसिफे शहरात अशी बाळे फार मोठ्या संख्येने जन्मली, तिथे ते औषध वापरलेलेच नव्हते. आमच्याकडे आरोग्यसेवक अॅबेट टाकायला आले की बायका रांजणावर हात आडवा धरतात; त्यांच्या मनात हीच भीती असते. ठरलेल्या प्रमाणात टाकलेल्या अॅबेटने बाळाला अपाय होत नाही, आणि ते टाकू दिले नाही तर डास मात्र नक्की होतात.

डासांचा विषय तुमच्यासाठी संपलेला नाही, जरी एकदा झिका होऊन गेल्यावर तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असली तरी. हाच डास डेंग्यू आणि चिकुनगुन्या देतो आणि बाळंतपणाच्या आसपास डेंग्यू झाला तर रक्तस्रावाचा धोका असतो. शिवाय गरोदरपणात झिकाचा विषाणू रक्तात नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळलेला आढळला आहे. तुम्हाला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी गल्लीतल्या दुसऱ्या गरोदर बाईला चावला, तर तिच्या बाळावर तेच संकट येऊ शकते. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या खेड्यात सापडला होता, पुण्यातल्या बंगल्यात नव्हे. २०२४ मध्ये पुण्यात जी साथ आली तिच्यात गरोदर स्त्रियांची संख्या मोठी होती. हा डास शहर आणि खेडे असा भेद करत नाही. त्याला साठवलेले पाणी लागते, आणि साठवलेले पाणी आपल्याकडे जितके असते तितके क्वचितच कुठे असेल.

आपल्या भागात अनेक गावांत नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येते, म्हणून रांजण, सिमेंटची टाकी, पत्र्याचे पिंप, सगळे भरलेले असते. पाणी ओतून दिले की डास गेला, असा समज आहे, आणि इथेच चूक होते. मागच्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्याच्या परसात एक रांजण तीन दिवस कोरडा पालथा पडलेला होता. मी तो उजेडाकडे वळवून आतून पाहिला तेव्हा पूर्वीच्या पाण्याच्या रेघेच्या बोटभर वर, मातीच्या खरबरीत अंगाला, खसखशीच्या दाण्यांपेक्षाही बारीक काळे ठिपके एका ओळीत चिकटलेले दिसले. ती एडिसची अंडी होती. मादी ती पाण्यात घालत नाही, पाण्याच्या वर ओल्या कडेला चिकटवते. आणि ती महिनोन्महिने सुकी राहूनही मरत नाहीत. रांजण पुन्हा भरला, पाणी त्या रेघेपर्यंत चढले, की अळ्या बाहेर पडतात आणि सात ते दहा दिवसांत डास उडतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडे रिकामे करून त्याची आतली कड नारळाच्या काथ्याने किंवा ब्रशने जोर लावून घासायची, ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतायचे आणि भांडे उन्हात सुकवून मग भरायचे. जी टाकी रिकामी करता येत नाही तिच्यावर घट्ट झाकण किंवा दुहेरी कापड बांधा, किंवा ग्रामपंचायतीकडून, आरोग्य उपकेंद्राकडून गप्पी मासे मागून घ्या. उन्हाळा संपल्यावर कूलर तसाच ओटीवर पाणी धरून उभा ठेवतात, त्याची टाकीही याच पद्धतीने घासायची. हे काम स्वतः वाकून करू नका. घरातल्या कोणालाही सांगा. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ होण्याच्या सुमारास जास्त, म्हणून दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा. डीईईटी असलेले डास पळवणारे मलम गरोदरपणात लावायला हरकत नाही, फक्त डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त लावू नये.

मिस्टरांबद्दल थोडे. त्यांना त्रास झाला नाही म्हणजे त्यांना संसर्ग झालाच नाही असे नाही, आणि पुरुषाच्या वीर्यात हा विषाणू रक्तापेक्षा पुष्कळ जास्त काळ राहतो. गरोदरपण संपेपर्यंत निरोध वापरणे हीच सर्वत्र दिली जाणारी सूचना आहे. हे पत्र त्यांना वाचायला द्या, म्हणजे तुम्हाला वेगळे बोलावे लागणार नाही. पुढे मूल हवे असेल तेव्हा या झिकाची भीती बाळगू नका, कारण शरीरातून विषाणू निघून गेल्यावर पुढच्या गरोदरपणात त्याचा त्रास होत नाही.

बाळ जन्मल्यावर त्याच्या डोक्याचे माप घ्यायला दाई किंवा परिचारिका टेप आणील. ती न ताणणारी असावी, कपड्याची जुनी सैल टेप नको. भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आला आहे त्यावरून टेप फिरवायची, तीनदा मापायचे आणि सर्वांत मोठे माप लिहायचे. जन्मल्याबरोबर घेतलेल्या मापावर निर्णय करू नये, कारण प्रसूतीच्या मार्गातून येताना डोके लांबट होते. चोवीस तास उलटल्यावर पुन्हा मापायचे आणि ते माप खरे धरायचे. पूर्ण दिवसांच्या मुलाचे माप ३१.९ सेंटीमीटरपेक्षा आणि मुलीचे ३१.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आले, तर डोके लहान समजतात आणि मेंदूची सोनोग्राफी टाळूतून करतात. बाळ दिवसांआधी जन्मले तर हे आकडे लागू होत नाहीत. त्याच्या आठवड्यांप्रमाणे वेगळा तक्ता असतो. माप चांगले आले तरी तुमच्या बाळाचे डोळे आतून तपासून घ्या आणि कानांची तपासणी पहिल्या महिन्यातच करा, कारण काही बाळांत झिकाने डोके लहान केले नाही तरी दृष्टी किंवा ऐकणे यांवर परिणाम झालेला आढळतो. दूध पाजायला मात्र मुळीच घाबरू नका, पहिल्या तासापासून पाजा. पुढे लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत डोक्याचा घेर मापून तो बाळाच्या कार्डावर तारखेसह लिहून घ्या, कारण काही बाळांचे डोके जन्मताना नेहमीसारखे असते आणि पुढच्या महिन्यांत त्याची वाढ मंदावते. ते पहिल्या वर्षातच लक्षात आले, तर बाळाला बसायला, धरायला, गिळायला शिकवणारी फिजिओथेरपी वेळेवर सुरू करता येते.